व्हॉट्सॲप नंबर बॅन का होतो? एकगठ्ठा मेसेज पाठवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

आंब्याचा हंगाम, गणपती आणि दिवाळी या तीन वेळांना माझा फोन हमखास वाजतो. छोट्या दुकानदारांची, बागायतदारांची कॉम्प्युटरची कामं मी करतो, आणि पलीकडून येणारं वाक्य बहुतेकदा एकच असतं: "अहो, व्हॉट्सॲप उघडतच नाहीये, काहीतरी बॅन म्हणतंय." तेच तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं एकदाची लिहून काढली. हे सगळं व्हॉट्सॲपपुरतंच आहे. एसएमएसचे नियम वेगळे, त्यात इथे शिरत नाही.

जाहिरातीचा मेसेज पाठवला म्हणून नंबर बॅन होतो का?

जाहिरात केली म्हणून होत नाही, ती ज्या पद्धतीने केली त्यामुळे होतो. व्हॉट्सॲपच्या अटींमध्ये दोन गोष्टींना स्पष्ट मनाई आहे. एक म्हणजे परवानगी नसलेल्या साधनाने आपोआप किंवा एकगठ्ठा मेसेज पाठवणं, आणि दुसरी म्हणजे ज्यांनी मागितलेले नाहीत त्यांना मेसेज पाठवणं. तुमचा मेसेज कितीही सभ्य असो, माल कितीही अस्सल असो, या दोनपैकी एक जरी घडलं तरी नंबर धोक्यात येतो.

आणि हे क्वचित घडत नाही. २०२१ च्या आयटी नियमांनुसार व्हॉट्सॲपला भारतातला मासिक अहवाल द्यावा लागतो. १५ मे ते १५ जून २०२१ या काळाच्या पहिल्याच अहवालात वीस लाख भारतीय नंबर बंद केल्याचं म्हटलं होतं. त्यातले ९५ टक्क्यांहून अधिक नंबर एकगठ्ठा किंवा स्वयंचलित मेसेजिंगमुळे गेले होते. भारतीय नंबर म्हणजे +९१ ने सुरू होणारा, एवढाच हिशेब.

पण मेसेज तर एन्क्रिप्टेड असतात. मग त्यांना कळतं कसं?

हा प्रश्न सगळे विचारतात, आणि थोड्या संशयानेच विचारतात. मेसेज वाचूनच बॅन करत असतील तर ते गुपित वगैरे सगळं खोटं, असा त्यांचा सूर असतो. पण मेसेज वाचायची गरजच पडत नाही. पोस्टमन पाकीट न फोडताही सांगू शकतो, की अमक्या घरातून आज अचानक दोन हजार पत्रं गेली आणि त्यातली निम्मी 'घेण्यास नकार' शेरा मारून परत आली.

फेब्रुवारी २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने स्वतःच एक टिपण प्रसिद्ध करून आपली पद्धत मोघम शब्दांत सांगितली. नंबर तीन टप्प्यांवर तपासला जातो: नोंदणी करताना, मेसेज पाठवताना, आणि लोकांची नाराजी आल्यावर. त्या वेळी जगभरात महिन्याला सुमारे वीस लाख नंबर बंद होत होते. त्यातले सुमारे २० टक्के नोंदणीच्या वेळीच पकडले जात, आणि ७५ टक्क्यांहून अधिक नंबर कुणी नुकतीच तक्रार केलेली नसतानाही बंद होत. म्हणून "माझी तर कुणीच तक्रार केली नाही" हा बचाव फारसा उपयोगाचा नाही.

त्या टिपणात एक उदाहरण आहे. पाच मिनिटांपूर्वी सुरू झालेला नंबर जर पंधरा सेकंदांत शंभर मेसेज पाठवू लागला, तर मागे माणूस नाही हे उघड आहे. दुसरी खूण मला फार आवडते. आपण लिहीत असताना समोरच्याला 'typing...' दिसतं ना? घाईघाईत बनवलेल्या सॉफ्टवेअरला ते दाखवणं अनेकदा जमत नाही. म्हणजे हा नंबर एक अक्षरही टाइप न करता शेकडो परिच्छेद पाठवतोय, आणि ते कळायला परिच्छेद वाचावा लागत नाही.

मेसेजचा मजकूर त्यांच्यापर्यंत एका वाटेने मात्र जातो. कुणी तुम्हाला रिपोर्ट केलं, तर तुम्ही त्या माणसाला पाठवलेले शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सॲपकडे जातात. रिपोर्ट झाल्याचं तुम्हाला कळवलं जात नाही. प्रोफाइलचा फोटो, ग्रुपचं नाव आणि ग्रुपचं वर्णन यांनाही मेसेजसारखं कुलूप नसतं, हे लक्षात असू द्या.

एखादं प्रत्यक्ष उदाहरण सांगाल का?

देवगडकडचे एक बागायतदार आहेत, त्यांना आपण काका म्हणू. नऊ वर्षं एकच नंबर, पेटीवर छापलेला. वहीत ६४० जुनी गिऱ्हाइकं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुतण्याने पुण्यातल्या सोसायट्यांमधल्या १,४०० लोकांचे नंबर असलेली एक्सेल फाइल कुठूनशी विकत आणली. सोबत क्रोम ब्राउझरमध्ये बसवायचं एक एक्स्टेन्शन आणलं, जे व्हॉट्सॲप वेबमधून आपोआप मेसेज सोडतं. दोन्ही याद्या एकत्र केल्या आणि २,०४० नंबर चढत्या क्रमाने लावले. दर पाच सेकंदांना एक मेसेज. पेटीचा फोटो, भाव, खाली "ऑर्डरसाठी संपर्क". सकाळी नऊला सुरू केलं आणि काका बागेत गेले.

दहाच्या सुमारास नंबर गेला. पाच सेकंदांना एक म्हणजे तासाला ७२०, म्हणजे यादीचा तिसरा हिस्सा जेमतेम संपला होता.

या एका तासात पलीकडे काय झालं असेल ते पाहा. याद्या मिसळलेल्या असल्यामुळे ७२० पैकी पाचशेच्या आसपास माणसं काकांना ओळखतही नव्हती. अनोळखी नंबरचा पहिला मेसेज उघडला की व्हॉट्सॲप तिथेच 'ब्लॉक', 'रिपोर्ट' आणि 'ॲड' असे पर्याय पुढे करतं. ओळखीच्या माणसाला ब्लॉक करायचं तर सेटिंग शोधावं लागतं, अनोळखी माणसाला मात्र एका बोटात. पुणेकर कामावर निघालेला, त्यात "नमस्कार, अस्सल हापूस" म्हणून कुणीतरी घुसलं. किती जणांनी 'ब्लॉक' दाबलं असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

जुन्या वहीतही एक खोट होती. ६४० पैकी बरेच नंबर पाच-सहा वर्षांपूर्वीचे होते. लोकांनी नंबर बदलले, कंपनीने ते दुसऱ्यांना दिले. म्हणजे 'माझी गिऱ्हाइकं' म्हणून ज्यांना मेसेज गेले, त्यातलीही काही माणसं परकीच होती.

काका संध्याकाळी फोनवर म्हणाले, "माझ्याच गिऱ्हाइकांना मेसेज केला, त्यात कुणाच्या बापाचं काय गेलं?" मी म्हटलं, "काका, तुमची गिऱ्हाइकं सहाशे. बाकीचे चौदाशे कुणाचे होते?"

बॅन होण्याआधी काही चाहूल लागते का?

लागते, पण आपण बागेत असतो. एरवी संध्याकाळपर्यंत दोन टिक पडतात, त्या पडत नाहीत. बऱ्याच मेसेजना एकच टिक राहते, म्हणजे नंबर बंद आहे किंवा त्याने तुम्हाला ब्लॉक केलं आहे. "कोण?", "नंबर कुठून मिळाला?" अशी उत्तरं येऊ लागतात. उत्तरांपेक्षा अशा विचारणा जास्त झाल्या की तिथेच थांबायचं. कधी पहिल्यांदा तात्पुरता बॅन येतो आणि पडद्यावर किती तास उरले ते दिसतं. तो शेवटचा इशारा समजा. वेळ संपल्यावर तीच यादी पुन्हा चालवणारे लोक मी पाहिले आहेत.

सॉफ्टवेअरवाला म्हणतो, "आमच्या टूलमध्ये अँटी-बॅन आहे." खरं का?

त्याच्या दृष्टीने खरं आहे, कारण नंबर तुमचा जातो, त्याचा नाही. ही टूल्स दोन मेसेजमधलं अंतर कमीजास्त करतात, मजकुरात शब्द बदलतात, नवीन नंबर आधी 'तापवून' घ्यायला, म्हणजे सुरुवातीला थोडे थोडेच मेसेज पाठवायला सांगतात. पण पलीकडच्या माणसाला तुम्ही परकेच राहता, आणि त्याचं बोट ब्लॉकवरच जातं. त्यावर कुठल्याही अंतराचा उपाय नाही.

शिवाय असं एक्स्टेन्शन व्हॉट्सॲप वेबवर स्वार होतं, म्हणजे तुमचे सगळे चॅट त्याच्यासमोर उघडे असतात. गिऱ्हाइकांचे पत्ते, पैशांचे स्क्रीनशॉट, घरच्या गप्पा, सगळंच. बॅनपेक्षा मला तरी याचीच भीती जास्त वाटते.

विकणाऱ्यांवरही व्हॉट्सॲपचा डोळा आहे. ७ डिसेंबर २०१९ पासून अशा कंपन्यांवर कायदेशीर कारवाई करू, आणि पुरावा ॲपबाहेरचा असला, म्हणजे कंपनीने आपल्या साइटवर "आम्ही बल्क मेसेज पाठवतो" असा नुसता दावा केला असला तरी करू, असं त्यांनी जाहीर केलं होतं.

मग दिवसाला किती मेसेज पाठवले तर चालतात?

साध्या ॲपसाठी असा आकडा व्हॉट्सॲपने कधीच जाहीर केलेला नाही. "दोनशेपर्यंत काही होत नाही" वगैरे जे ऐकता ते एकाने दुसऱ्याला सांगितलेलं असतं. मुळात एकच आकडा सगळ्यांना लागू होणं शक्य नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी एखादी वधूमाय हॉलचा पत्ता तीनशे जणांना पाठवते आणि तिला काही होत नाही, कारण ते तीनशे जण तिला ओळखतात, उत्तरं देतात, उलट फोन करतात. नवीन सिमवरून तीस परक्यांना मेसेज केला तरी गोत्यात येऊ शकता.

एक नंबर गेला तर दुसरं सिम घेऊन सुरू करू का?

काकांच्या पुतण्याने तेच केलं. त्याच दुपारी नवीन सिम, तोच फोन, तीच यादी. तो नंबर तासभरही टिकला नाही. व्हॉट्सॲप नोंदणीच्या वेळीच मागचा-पुढचा संबंध पाहतं. नुकत्याच गैरवापर झालेल्या नंबरांशी किंवा नेटवर्कशी नवा नंबर जुळतो का, हेही त्यात येतं. नव्या नंबरला ना इतिहास, ना आलेले मेसेज, ना कुणाच्या फोनमध्ये नाव. आणि त्यावरून पहिलंच काम काय, तर शेकडो परक्यांना तोच फोटो.

मी काहीच पाठवलेलं नाही, तरी बॅन झालो. असं कसं?

असं होतं, आणि दर वेळी माणूस खोटं बोलत नसतो. सगळ्यात आधी 'Linked devices' मध्ये काय काय दिसत होतं ते आठवा. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला व्हॉट्सॲप वेब उघडलं आणि तसंच सोडलं, किंवा काम सोडून गेलेल्या मुलाच्या लॅपटॉपवर ते अजून चालू आहे, अशी उदाहरणं मी पाहिली आहेत.

घरबसल्या कमाईच्या नावाखाली "तुमचं व्हॉट्सॲप भाड्याने द्या, क्यूआर स्कॅन करा, रोजचे पैसे मिळवा" असाही धंदा चालतो. त्यात तुमच्या नंबरवरून दुसरेच लोक मेसेज सोडतात, कधीकधी फसवणुकीचेही. नंबर जातो तो जातोच, पोलिसांचा फोनही तुम्हालाच येतो.

जीबी व्हॉट्सॲपसारखी नकली ॲप्स हे आणखी एक कारण. त्यावरून एकही जाहिरात न पाठवता नंबर तात्पुरता बंद होऊ शकतो. ते काढून अधिकृत ॲप टाकलं नाही तर कायमचाही होतो. शेवटची शक्यता म्हणजे दुकानातून घेतलेला 'नवीन' नंबर आधी कुणीतरी वापरून जाळलेला असणं. फिरून बाजारात आलेल्या नंबरांचं असं होतं.

ग्रुप करून सगळ्यांना त्यात घातलं तर?

न विचारता घातलं तर तेही तितकंच वाईट. भराभर ग्रुप बनवणं आणि त्यात माणसं कोंबणं ही खूण त्या २०१९ च्या टिपणातही आहे. लिंक पाठवा, ज्याला यायचंय तो येईल. वर्गणीसाठी अख्ख्या पेठेला ग्रुपात घालणाऱ्या मंडळांच्या कार्यकर्त्यांना हे दर वर्षी सांगतो, आणि ते दर वर्षी घालतातच.

ब्रॉडकास्ट लिस्ट तर ॲपमध्येच आहे. ती सुरक्षित का?

हो, छोट्या धंद्यासाठी तीच सगळ्यात बरी, आणि तिचं मर्म समजून घेण्यासारखं आहे. एका यादीत २५६ जण बसतात. पण मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला आहे. लोक याला अडचण समजतात. "अर्ध्या लोकांना पोचतच नाही" म्हणून चिडतात आणि मग सॉफ्टवेअर शोधायला निघतात. खरं तर ही अटच तुमचं रक्षण करते. ज्याने नंबर सेव्ह केलाय तो तुम्हाला ओळखतो, आणि ओळखणारा माणूस सहसा रिपोर्ट करत नाही.

कुणाला पोचतंय तेही पाहता येतं. पाठवलेला ब्रॉडकास्ट दाबून धरा आणि 'Info' उघडा. 'Delivered to' खाली ज्यांची नावं दोन-तीन दिवसांतही येत नाहीत, त्यांनी बहुधा नंबर सेव्ह केलेला नाही. त्यांना यादीतून काढा आणि फोन करून विचारा. कुणाला काढायचं म्हटलं की जिवावर येतं, पण ५०० जणांच्या यादीतल्या २०० जणांना काही पोचतच नसेल, तर ती यादी ३०० चीच आहे.

मग काका आता काय करतात?

त्या हंगामात जुना नंबर मिळालाच नाही. ऑर्डरी फोनवर घेतल्या आणि नव्या नंबरवर फक्त ज्याने आधी मेसेज केला त्याला उत्तर दिलं. दुसऱ्या वर्षीपासून पद्धत उलटी केली: आधी आपण नाही, आधी गिऱ्हाईक बोलणार.

प्रत्येक पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक स्टिकर लावलं. त्यावर क्यूआर कोड आणि दोन ओळी: "पुढच्या वर्षीचा भाव आधी हवा असेल तर स्कॅन करून मेसेज पाठवा आणि हा नंबर सेव्ह करा." क्यूआरमध्ये एवढीच लिंक आहे:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=AMBA
```

नंबर लिहिताना +, शून्य, मोकळी जागा काही नको. 91 आणि पुढे दहा आकडे, एवढंच. `text=` पुढचा शब्द गिऱ्हाइकाच्या पडद्यावर आधीच लिहून येतो, त्याने फक्त पाठवायचं. मराठी शब्द थेट टाकला तर काही ठिकाणी लिंक तुटते, म्हणून आम्ही साधा रोमन शब्द ठेवला. व्हॉट्सॲपच्याच बिझनेस ॲपमध्ये ही लिंक आणि क्यूआर दोन्ही तयार मिळतात, वेगळं काही विकत घ्यायला नको.

ज्याचा मेसेज येतो त्याचं नाव, गाव आणि साल टाकून काका नंबर सेव्ह करतात आणि मग ब्रॉडकास्ट यादीत घालतात. जुन्या वहीतल्या लोकांना पुतण्याने फेब्रुवारीत रोज वीसेक फोन केले. चुकीचा नंबर निघाला तर खोडायचा, बरोबर निघाला तर "मेसेज केला तर चालेल ना?" असं विचारायचं. महिनाभरात वही संपली. ६४० पैकी चारशेच्या आसपास उरले, म्हणजे दोन ब्रॉडकास्ट याद्या. हंगामात तीनच मेसेज: पहिली तोड, मुख्य भाव आणि शेवटच्या पेट्या. रोज भाव टाकायचा मोह काकांना होतो, तेवढा मी आवरतो. रोजचं ज्यांना हवं त्यांच्यासाठी एक चॅनल काढून दिलं आहे. तिथे लोक आपणहून येतात आणि कंटाळले की जातात.

प्रत्येक मेसेजच्या शेवटी एक ओळ असते: "नको असल्यास 'नको' लिहा, नाव काढू." वर्षाला दहा-पंधरा जण 'नको' लिहितात. त्यांनी ते लिहिलं नसतं तर ब्लॉक दाबलं असतं.

हजारो गिऱ्हाइकं असतील तर ब्रॉडकास्ट कसं पुरणार?

नाही पुरत. तिथे अधिकृत वाट म्हणजे व्हॉट्सॲप बिझनेस एपीआय. यात सॉफ्टवेअरने मेसेज पाठवायला परवानगी असते, पण अटी कडक आहेत. माणसाची आधी संमती लागते. तुम्ही आपणहून पाठवणार असाल तर मजकुराचा नमुना आधी मंजूर करून घ्यावा लागतो. गिऱ्हाइकाने मेसेज केला की पुढचे २४ तास मोकळेपणाने बोलता येतं, ते संपले की पुन्हा मंजूर नमुनाच. नव्या, पडताळणी न झालेल्या धंद्याला सुरुवातीला २४ तासांत २५० वेगवेगळ्या माणसांपर्यंतच जाता येतं. पडताळणी झाली आणि लोकांचा प्रतिसाद चांगला राहिला की मर्यादा वाढते.

मेसेजमागे पैसे पडतात. भारतात जाहिरातीच्या मेसेजचा दर रुपयाच्या आत आहे, वर जीएसटी आणि सेवा देणाऱ्याचं मासिक भाडं. चारशे जणांना तीन मेसेज म्हणजे बाराशे मेसेज, म्हणजे मेसेजचे हजारेक रुपये. पण भाडं धरलं तर काकांना परवडत नाही, म्हणून मी त्यांना एपीआयच्या वाटेला लावलं नाही. दहा हजार गिऱ्हाइकं असलेल्या साडीच्या दुकानाला मात्र दुसरं काही सुचवणार नाही.

एपीआय घेतला म्हणजे अभय मिळालं असं नाही. लोकांनी ब्लॉक-रिपोर्ट केलं तर नंबरचा दर्जा घसरतो. वाईट चाललेला नमुना आधी ३ तास, पुन्हा तसंच झालं तर ६ तास थांबवला जातो आणि तिसऱ्यांदा कायमचा बंद होतो. विकत घेतलेली यादी इथेही बुडवतेच. फक्त इथे बुडण्याआधी पाणी कुठवर आलंय ते दिसतं.

नंबर बॅन झालाच आहे. आता पहिलं काय करू?

ॲप काढून टाकू नका, नवीन सिमच्या मागे धावू नका. ज्या कॉम्प्युटरवर ते टूल होतं तिथून आधी ते काढा. मग ॲप उघडा, बॅनच्या पडद्यावर 'Request a review' दिसेल ते दाबा. एसएमएसने सहा आकडी कोड येतो, तो टाकला की तुमची बाजू लिहायला जागा मिळते. उत्तर बहुतेकदा दिवसभरात ॲपमध्येच येतं.

लोक इथे दोन चुका करतात. एक तर रडगाणं लिहितात, नाहीतर "मी काहीच केलं नाही" असं ठोकून देतात. पलीकडे तुमच्या नंबरच्या वागण्याची नोंद आहे, तिच्याशी विसंगत लिहून काय मिळणार? मी साधारण असं लिहून देतो:

"मी आंब्याचा विक्रेता आहे. हा नंबर नऊ वर्षं माझ्या धंद्यासाठी आहे. ५ एप्रिलला ब्राउझरमधलं एक साधन वापरून यादीतल्या लोकांना मेसेज पाठवले, त्यात माझी गिऱ्हाइकं नसलेलेही लोक होते. ते साधन काढून टाकलं आहे, सगळी जोडलेली उपकरणं बंद केली आहेत. यापुढे फक्त ज्यांनी संपर्क केला आहे त्यांनाच ॲपमधून मेसेज पाठवेन. कृपया फेरविचार करावा."

याने नंबर मिळतोच असं नाही, काकांना नाही मिळाला. पण ज्यांचे मिळाले त्यांच्यापैकी बहुतेकांनी असंच सरळ लिहिलं होतं.

फेरविचारातही 'नाही' आलं तर?

२०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे कंपनीला भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याची माहिती व्हॉट्सॲपच्या साइटवर आहे. तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत आणि निकाल ७ दिवसांत द्यावा, असा नियम आहे. त्याच्या निर्णयानेही समाधान झालं नाही तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे gac.gov.in वर अपील करता येतं. बॅनचे स्क्रीनशॉट, फेरविचाराचं उत्तर आणि नंबर तुमच्या नावावर असल्याचा पुरावा तारखेसह जपून ठेवा, तिथे लागतो.

थेट कोर्टात जाण्याचा विचार असेल तर ऑक्टोबर २०२५ चा प्रसंग ऐका. व्हॉट्सॲप खातं बंद झालं म्हणून राज्यघटनेच्या कलम ३२ खाली काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. न्यायालयाने याचिका ऐकायला नकार दिला, इतर मार्ग वापरा म्हणून सांगितलं आणि वर झोहो कंपनीचं 'अराटाई' हे मेसेजिंग ॲप वापरून पाहा असंही सुचवलं.

बिझनेस ॲपमधलं "दुकान बंद आहे" असं आपोआप जाणारं उत्तर चालतं का?

बिनधास्त लावा. स्वागताचा मेसेज, दुकान बंद असतानाचा मेसेज, ठरावीक उत्तरं हे सगळं ॲपमध्येच दिलेलं आहे. शिवाय ते समोरचा बोलल्यावरच जातं.

रोज सगळ्यांना 'शुभ सकाळ' पाठवतो, त्याने बॅन होईन का?

ओळखीच्यांना पाठवत असाल तर नाही होणार. फार तर नातेवाईक म्यूट करतील.

बॅन होण्याआधीच करून ठेवावं असं काही आहे का?

गिऱ्हाइकांचे नंबर फक्त चॅटमध्ये ठेवू नका, फोनच्या कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह करा आणि महिन्यातून एकदा त्यांची फाइल काढून ठेवा. महत्त्वाचे ऑर्डरचे चॅट 'Export chat' करून मेलवर पाठवा. काकांचा नंबर गेला त्या दिवशी सगळ्यात जास्त त्रास याचाच झाला. आगाऊ पैसे दिलेल्या अकरा जणांचे पत्ते फक्त चॅटमध्ये होते. बँकेच्या पासबुकातल्या नोंदींवरून एकेक नाव काढत, फोन करत, आठवडाभर माणसं शोधली. एक बाई तर सापडल्याच नाहीत. त्यांनीच शेवटी मे महिन्यात फोन केला, आणि तोवर त्यांच्या दोन पेट्या काकांनी बाजूला ठेवलेल्या होत्या.